बाटलीत उरलेलं कवच

गड्ड्याच्या यात्रेत ही बांगड्या भरायला बसली होती. कासारणीच्या हातात हात, मान वर, नजर समोरच्या आकाशपाळण्यावर. मधेच बाटलीतलं पाणी प्यायली आणि घोट घेताना तिच्या गळ्याच्या उजव्या बाजूला काहीतरी वर सरकून पुन्हा खाली आल्याचं मला दिसलं. मोठ्या बोराएवढं. मी तिला अजून एक घोट घ्यायला लावला. पुन्हा तेच. घोटाबरोबर वर-खाली होणारी गाठ थायरॉइडची असते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सोलापुरातल्या एका खासगी लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजी विभागात मी चोवीस वर्षं टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी बाटलीत आमच्याकडे येतात. त्यांचे मेणाचे ब्लॉक करायचे, काप घ्यायचे, रंगवायचे आणि स्लाइड पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर ठेवायच्या, हे माझं काम.

रक्ताची तपासणी झाली, टीएसएच नॉर्मल आला. हिने लगेच बहिणीला फोन करून सांगितलं की काही नाही, सगळं नॉर्मल आहे. मी गप्प बसलो. टीएसएच म्हणजे ग्रंथी काम किती करते याचा हिशोब. गाठीच्या आत काय आहे ते त्यातून कळत नाही, आणि थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये तो बहुतेक वेळा नॉर्मलच असतो. सोनोग्राफीत उजव्या भागात ३.२ सेंटीमीटरची एकच भरीव गाठ दिसली. मानेतले लिम्फ नोड साधे होते. मग सुई.

एफएनएसीची सुई इंजेक्शनच्या सुईसारखीच बारीक असते. गाठीत घालून पुढे-मागे हलवतात, आत आलेला थेंब काचेवर पसरतात. ही टेबलावर मान मागे टाकून पडली होती आणि मी शेजारी स्लाइड धरून उभा होतो. चोवीस वर्षांत हजारो स्लाइड धरल्या असतील, त्या दिवशी अंगठ्याचा ठसा काचेवर उमटला. रिपोर्ट आला, ‘फॉलिक्युलर निओप्लाझम, बेथेस्डा चार’. म्हणजे सुईच्या निकालाच्या सहा पायऱ्यांतली चौथी, संशयाची.

हा रिपोर्ट घरच्यांना समजावणं फार अवघड गेलं, कारण माझ्या भाचीचा अनुभव सगळ्यांच्या डोक्यात होता. माझ्या बहिणीच्या या मुलीला, पंढरपूरला असते, चार वर्षांपूर्वी सत्ताविसाव्या वर्षी थायरॉइडचाच पॅपिलरी कॅन्सर निघाला होता. तिच्या वेळी सुईतच निकाल लागला. मग हिच्या वेळी ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं सरळ का सांगत नाहीत? मेहुण्याने तर लॅब बदला म्हणून सल्ला दिला. माझीच लॅब!

खरं कारण असं की पॅपिलरी ओळखला जातो पेशीच्या केंद्रकावरून, आणि केंद्रक सुईत येतं. भाचीच्या स्लाइड मी तेव्हा पाहिल्या होत्या. केंद्रकं मोठी, लांबट, एकमेकांवर चढलेली, आणि प्रत्येकावर एक उभी चीर. परदेशातली पुस्तकं त्याला कॉफीच्या बीची उपमा देतात. आपल्याला गव्हाचा दाणा आठवावा, पोटावर चीर असलेला. काही केंद्रकांच्या आत बाहेरचा द्रव फुग्यासारखा शिरलेला दिसतो. एवढं दिसलं की गाठीचा आकार, कवच काहीही न बघता पॅथॉलॉजिस्ट सही करू शकतात.

फॉलिक्युलरचं तसं नाही. निरोगी थायरॉइड म्हणजे पेशींची गोल गोल कोंडाळी, ज्यांना फॉलिकल म्हणतात, आणि प्रत्येकाच्या मध्ये गुलाबी कोलॉइड. फॉलिक्युलर गाठीतही कोंडाळीच असतात, फक्त बारीक आणि दाटीवाटीने, कोलॉइड कमी. साधी गाठ, म्हणजे ॲडिनोमा, आणि कॅन्सर या दोन्हींत पेशी एकसारख्याच दिसतात. फरक पेशीत नसून गाठीच्या कडेला असतो. गाठीभोवती तंतूंचं एक कवच असतं. गाठ त्या कवचाच्या आत राहिली तर ॲडिनोमा. कवच फोडून बाहेर पडली किंवा कवचातल्या रक्तवाहिनीत शिरली तर कॅन्सर. सुई मधला गर काढते, कडा काही काढत नाही. म्हणून कुठल्याही लॅबमध्ये, कितीही हुशार डॉक्टर असोत, सुईवर ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’ यापुढे जाता येत नाही. अशा रिपोर्टमधले दहातले साधारण तीन पुढे कॅन्सर निघतात. उरलेल्या सातांचं ऑपरेशनही निदानासाठी करावंच लागतं.

हे सगळं मी जेवताना सांगत होतो, तर ही एकदम म्हणाली, “अहो, ती म्हातारी सांगितली होतीत ना, गळ्याची? तसं तर नाही ना?”

मी घरी लॅबमधल्या गोष्टी सांगतो ही माझी वाईट सवय. त्या म्हातारीचं मी काही वर्षांपूर्वी सांगितलं होतं आणि विसरलो होतो, ही विसरली नव्हती. बाई सत्तरीच्या पुढच्या. वीस वर्षं गळ्याला गलगंड, कधी त्रास नाही. मग तीन आठवड्यांत तो दुप्पट झाला, आवाज बसला, आडवं पडलं की श्वास कोंडायचा. सर्जनना गाठ काढता आलीच नाही. ती श्वासनलिकेला आणि भोवतालच्या स्नायूंना धरून लाकडासारखी घट्ट बसली होती. त्यांनी जाड सुईने धाग्यासारखे चार तुकडे काढून पाठवले. ते ॲनाप्लास्टिक होतं, थायरॉइडचा सगळ्यात जहाल कॅन्सर.

त्या स्लाइडमध्ये थायरॉइडची एकही खूण नव्हती. कोंडाळी नाहीत, कोलॉइड नाही. काही पेशी चातीसारख्या लांबट, काही राक्षसी, एकेकीत चार-चार वेडीवाकडी केंद्रकं. जिकडे बघावं तिकडे विभागणारी पेशी, आणि मधे मधे नुसता मेलेल्या पेशींचा चोथा, कारण वाढ एवढी झपाट्याची की रक्तपुरवठा पुरत नाही. एका तुकड्याच्या टोकाला मात्र मॅडमना जुन्या पॅपिलरीची चार कोंडाळी सापडली. म्हणजे वर्षानुवर्षं शांत पडलेल्या साध्या कॅन्सरमधूनच हे उठलं होतं. असं पुष्कळदा होतं. मॅडमनी तरीही थायरॉइडच्या लिम्फोमासाठीचे मार्कर लावायला सांगितले होते. लिम्फोमाही असाच म्हातारपणी, असाच झपाट्याने वाढतो, बाहेरून दोन्ही सारखेच वाटतात, पण लिम्फोमा औषधाला चांगली साथ देतो. तो नव्हता. बाई दोन महिन्यांत गेल्या.

हिला मी इतकंच सांगितलं की तुझी गाठ मऊ आहे, आवाज नीट आहे, आणि सुईतल्या पेशी शहाण्यासारख्या कोंडाळी करून बसल्यात. ती म्हातारी यातली नाही. हे खरंही होतं. ॲनाप्लास्टिक सुईत बहुधा लपत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं. उजवा अर्धा भाग आणि मधला पूल काढला. मेहुण्याने सर्जनना विचारलं, ऑपरेशन चालू असतानाच गोठवून तपासत नाहीत का, म्हणजे लगेच कळेल. सर म्हणाले, यात त्याचा उपयोग नाही. अख्खं कवच तपासायचं असतं, ते घाईत गोठवलेल्या एका तुकड्यात कसं सापडणार? बाटली मीच स्कूटरवरून लॅबमध्ये आणली. जुळे सोलापूरपासून लॅबपर्यंत डिकीत ठेवलेली ती बाटली प्रत्येक खड्ड्यात मला ऐकू येत होती.

इथे माझ्याकडून चूक झाली. मॅडम त्या आठवड्यात बाहेरगावी होत्या, त्यांच्या जागी दुसरे डॉक्टर येत होते. ग्रॉसिंग त्यांनी केलं. ग्रॉसिंग म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये मुरलेली गाठ सुरीने कापून बघायची, मोजायची आणि कुठले तुकडे ब्लॉकसाठी घ्यायचे ते ठरवायचं. त्यांनी गाठीचे चार तुकडे घेतले आणि बाजूच्या निरोगी भागाचे दोन. सहा कॅसेट, म्हणजे तुकडे ठेवायच्या प्लास्टिकच्या जाळीदार डब्या. मी त्यावर पेन्सिलने नंबर घातले, सहा हा आकडा लिहिला आणि काही बोललो नाही. डॉक्टरांपुढे टेक्निशियन बोलत नाही, शिवाय गाठ माझ्या बायकोची, आगाऊपणा वाटला असता. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट तयार झाला, ‘फॉलिक्युलर ॲडिनोमा, कॅन्सर नाही’. घरी पेढे आले. हिने शेंगाच्या चटणीच्या अडलेल्या ऑर्डरी पुन्हा घ्यायला सुरुवात केली.

चार दिवसांनी मी बाटल्यांचं कपाट लावत होतो. ब्लॉक काढल्यावर उरलेला भाग काही आठवडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात आणि मग टाकून देतात. हिची बाटली हातात आली. पावाच्या लादीचे काप करावेत तशी ती गाठ आत पडली होती, आणि तिची जवळजवळ सगळी कडा जशीच्या तशी होती. चार तुकडे बहुतेक मधूनच घेतलेले. आणि कवच जाड होतं, पांढरट, एखाद्या ठिकाणी दोन मिलिमीटर तरी. ॲडिनोमाचं कवच बहुधा कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ असतं. जाड कवच दिसलं की मॅडम नेहमी म्हणतात, ‘याने काहीतरी लपवलंय.’

मॅडम सोमवारी आल्या. मी बाटली आणि सहा स्लाइड त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी स्लाइड आधी बघितल्याच नाहीत.

“कवचाचे किती ब्लॉक?”

“मोजून दोनात थोडं थोडं आलंय.”

“आणि बाकीचं कवच?”

“बाटलीत.”

त्यांनी हातमोजे चढवले. त्या दिवशी दुपारी त्यांनी उरलेलं अख्खं कवच कापलं, प्रत्येक तुकड्यात थोडी गाठ, मधे कवच आणि बाहेर थोडी निरोगी ग्रंथी येईल असं आडवं. सतरा कॅसेट झाल्या. फॉलिक्युलर गाठीचं कवच शक्य असेल तर सगळंच्या सगळं बघायचं, आणि गाठ फार मोठी असली तरी किमान दहा ब्लॉक तरी घ्यायचे, असा संकेत आहे. कारण फुटलेली जागा मिलिमीटरभरही असू शकते. घराच्या कुंपणाला एकच भोक आहे का हे बघायचं असेल तर चार ठिकाणी डोकावून काय कळणार?

रात्रभर प्रोसेसर चालला. सकाळी मेणाचे ब्लॉक बनवले. मॅडम म्हणाल्या, “आज तुम्ही कापू नका. ज्युनिअरला द्या.” मी म्हटलं, सतरा ब्लॉक तो संध्याकाळपर्यंत कापेल, आणि एप्रिलमधला सोलापूर आहे. बाहेर ४२ डिग्री असली की एसी कितीही लावा, मेण मऊ पडतं आणि काप चुरगळतो. आम्ही ब्लॉक बर्फाच्या ट्रेमध्ये पालथे ठेवतो आणि एकेक उचलून पटकन कापतो. हाताला सवय लागते. शेवटी त्या काही बोलल्या नाहीत आणि मी बसलो.

मायक्रोटोमचं चाक फिरवलं की चार मायक्रॉनचा काप सुटतो, त्याला पुढचा चिकटतो, अशी रिबन होते. ती ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या सुटल्या की काचेवर झेलायची. भाचीच्या ब्लॉकला त्या वेळी सुरी करकरली होती, हे मला तेव्हा आठवलं. पॅपिलरीत चुन्याचे बारीक गोळे असतात, आडवा कापलेला कांदा दिसावा तसे थरावर थर असलेले. त्यांना समोमा बॉडी म्हणतात. त्यावरून सुरी गेली की कापावर उभी रेघ पडते आणि टेक्निशियनला मॅडमच्याही आधी शंका येते. हिचे काप मात्र लोण्यासारखे निघाले. पॅपिलरी नाही, एवढंच मला वाटलं, आणि त्यात हायसं वाटावं की काय ते कळेना.

अकरा नंबरच्या ब्लॉकमध्ये सापडलं. मॅडमनी मला दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर समोर बसवलं. कवचाच्या मधोमध एक रक्तवाहिनी, आणि तिच्या पोकळीत गाठीच्या कोंडाळ्यांचा एक कोंब, एका भिंतीला चिकटून वर आलेला. मी पहिला प्रश्न टेक्निशियनचाच विचारला, “मॅडम, कापताना ओढलं गेलं नसेल ना?” तसं होतं. ऑपरेशनमध्ये किंवा सुरीने मऊ गाठीच्या पेशी रक्तवाहिनीत ढकलल्या जातात आणि कॅन्सर शिरल्यासारखं दिसतं. पण त्या सुट्या पडलेल्या असतात, पाण्यावर तरंगणाऱ्या पाचोळ्यासारख्या. खरा शिरकाव भिंतीला धरलेला असतो आणि त्याच्यावर रक्तवाहिनीच्या अस्तराचा एक पातळ थर चढलेला असतो, किंवा रक्ताची गुठळी त्याला चिकटलेली असते. म्हणजे तो तिथे आधीपासून राहत होता. मॅडमनी बोट ठेवून अस्तर दाखवलं. तरी खात्रीसाठी ब्लॉक पुण्याला पाठवून सीडी ३१ हा रंग करून घेतला. त्यात अस्तराच्या पेशी तपकिरी होतात. कोंबाभोवती तपकिरी रेघ पूर्ण आली.

खोल काप घेत गेलो तसतशा आणखी सापडल्या. एकूण पाच रक्तवाहिन्या. मॅडमनी केंद्रकं तीन वेळा तपासली, कारण पॅपिलरीचा एक प्रकार फॉलिक्युलरच्या वेशात येतो. कोंडाळी तीच, पण केंद्रकं गव्हाच्या दाण्याची. इथे ती नव्हती. केंद्रकं गोल, गडद, चीर नसलेली. रिपोर्ट बदलला, ‘कवचबंद, रक्तवाहिन्यांत शिरलेला फॉलिक्युलर कार्सिनोमा’. चारपेक्षा कमी वाहिन्या असत्या तर अर्धीच ग्रंथी काढून थांबावं का यावर बोलणं झालं असतं. चार किंवा जास्त असल्या तर पसरण्याचा धोका वाढतो.

पहिल्या डॉक्टरांवर मी रागावलो होतो. नंतर रागाची दिशा बदलली. सहाचा आकडा मीच लिहिला होता.

हिला सांगायचं ते मी रात्री गच्चीवर सांगितलं. तिने आधी पेढे परत गेले म्हणत हसून घेतलं, मग विचारलं, “पण मानेत पसरलेलं नाही ना? सोनोग्राफीत गाठी साध्या होत्या.” आणि इथेच पुन्हा भाचीची तुलना आडवी आली. भाचीच्या मानेतले अकरा नोड काढले, त्यातल्या सहांत कॅन्सर होता. हिच्या एकाही नोडमध्ये काही नाही. साध्या हिशोबाने ही भाचीपेक्षा सुखरूप. पण दोघांच्या वाटा वेगळ्या. पॅपिलरी लसिकेच्या वाटेने जातो, म्हणून आधी मानेतल्या नोडमध्ये उतरतो आणि तिथे वर्षानुवर्षं रेंगाळतो. फॉलिक्युलर नोड सहसा टाळतो आणि रक्ताच्या वाटेने थेट फुप्फुसात किंवा हाडात जातो. त्यामुळे स्वच्छ मान हा पॅपिलरीत दिलासा आहे, फॉलिक्युलरमध्ये तो फारसा पुरावा नाही. काही लोकांना फॉलिक्युलर असल्याचं पहिल्यांदा कळतं तेच मांडीचं हाड किंवा मणका दुखून. ॲनाप्लास्टिक मात्र दोन्ही वाटांनी जातो, आणि तिसरी वाट म्हणजे थेट शेजारी घुसणं, श्वासनलिका, अन्ननलिका, काही सोडत नाही.

सर्जननी स्टेज सांगितली तेव्हा घरचे पुन्हा चक्रावले. हिची पहिली स्टेज. भाचीचीही, सहा नोड असून, पहिलीच होती. थायरॉइडच्या या दोन प्रकारांत आधी वय बघतात. ५५ वर्षांच्या आत असाल आणि दूर कुठे पसरलेलं नसेल तर नोडमध्ये असलं तरी पहिली स्टेज. दूर पसरलेलं असलं तरी दुसरी, त्यापुढे स्टेजच नाही. ही एकोणपन्नास. आणि ॲनाप्लास्टिकला पहिली, दुसरी, तिसरी या पायऱ्याच नाहीत, गाठ ग्रंथीच्या आत असली तरी पहिल्या दिवसापासून चौथीच. एकाच ग्रंथीचे तीन आजार, पण स्टेजचा आकडा एका प्रकाराचा दुसऱ्याला लावता येत नाही. पॅपिलरीचे बहुतेक रुग्ण दहा वर्षांनंतरही ठणठणीत असतात. फॉलिक्युलर थोडा मागे, आणि तोही पाच वाहिन्यांत शिरलेला असेल तर डॉक्टर अधिक सावध बोलतात. ॲनाप्लास्टिकमध्ये निम्मे रुग्ण सहा महिन्यांच्या आत जातात. आता त्यात बीआरएएफ नावाच्या जनुकात ठरावीक बिघाड सापडला तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या दोन गोळ्यांच्या जोडीने काहींना बराच काळ मिळतो. म्हणून ती तपासणी हल्ली लगेच पाठवतात. म्हातारीच्या वेळी ती पाठवायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

जूनमध्ये उरलेली डावी बाजू काढली. त्यात काही नव्हतं. मग ती काढली कशाला, हा प्रश्न हिनेच विचारला. रक्तातून दूर गेलेल्या पेशी शोधायच्या आणि मारायच्या असतील तर किरणोत्सर्गी आयोडीन द्यावं लागतं. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, पॅपिलरी आणि फॉलिक्युलरच्या पेशींची ती सवय बरीचशी टिकून असते. पण गळ्यात अर्धी निरोगी ग्रंथी असेल तर सगळं आयोडीन तीच खाऊन टाकते. ॲनाप्लास्टिकच्या पेशी थायरॉइडपण विसरलेल्या असतात, आयोडीन घेतच नाहीत, म्हणून तिथे हा उपाय चालत नाही. दुसऱ्या ऑपरेशननंतर दोन दिवस हिच्या बोटांना आणि ओठांना मुंग्या आल्या, कॅल्शियम घसरलं होतं. गोळ्यांनी आठवड्यात सावरलं.

आयोडीनसाठी पुण्याला जायचं होतं. त्याआधी चार आठवडे थायरॉइडची गोळी सुरूच करायची नाही, म्हणजे टीएसएच तीसच्या वर चढतो आणि पेशी आयोडीनला भुकेल्या होतात. जुलैत हिचा चेहरा सुजला, आवाज जड झाला, भर उकाड्यात शाल घ्यायची. टीएसएच ७८ आला. दोन आठवडे आयोडीन घातलेलं मीठ, दूध, अंडी, मासे बंद. शेंगाच्या चटणीत हाच गोंधळ झाला, विक्रीच्या चटणीत आयोडीनचं मीठ, त्यामुळे हिला चाखता येईना. जाऊ चाखायची आणि ही तिच्या तोंडाकडे बघून मिठाचा अंदाज बांधायची.

हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो. तिथे शंभर मिलिक्युरीची कॅप्सूल दिली आणि तिला तीन दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं. मी काचेबाहेरून फोनवर बोलायचो. आठवड्याने अख्ख्या अंगाचा स्कॅन झाला. पडद्यावर गळ्यात दोन ठिपके चमकत होते, आणि पोटात मोठे डाग. माझे पायच गेले. डॉक्टर म्हणाले, जठर आणि मूत्राशय आहे ते, आयोडीन लाळेतून आणि लघवीतून बाहेर पडताना तिथे दिसतंच. गळ्यातले ठिपके म्हणजे ऑपरेशननंतर उरलेला ग्रंथीचा चुरा. फुप्फुसं काळी, हाडं काळी. त्या पडद्यावर काळं म्हणजे काही नाही.

आता रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, आणि सहा महिन्यांनी थायरोग्लोब्युलिन. हे प्रथिन फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात. ग्रंथीच नाही, तर ते रक्तात जवळजवळ शून्य असायला हवं. चढायला लागलं तर कुठेतरी पेशी उरल्यात. सोबत त्याच्या अँटिबॉडीही बघाव्या लागतात, त्या असल्या तर आकडा खोटा कमी येतो. हिचा पहिला आकडा ०.२ च्या खाली आला, अँटिबॉडी नाहीत. रक्तवाहिन्यांत शिरलेला फॉलिक्युलर दहा-पंधरा वर्षांनीही हाडात डोकं वर काढू शकतो, म्हणून तपासणी कायमची आहे, हे हिला सांगितलंय.

मागच्या महिन्यात ती डबा द्यायला लॅबमध्ये आली आणि म्हणाली, माझी स्लाइड दाखवा. अकरा नंबर काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली. बराच वेळ बघितलं.

“हे गुलाबी गुलाबी भिजवलेल्या साबुदाण्यासारखं काय?”

“कोलॉइड.”

“आणि ते शिरलेलं कुठंय?”

मी स्टेज सरकवून वाहिनी मधोमध आणली. तिने एक डोळा मिटून पुन्हा बघितलं, म्हणाली, “एवढंसंच?” आणि डबा गार होतोय म्हणून मला उठवलं.

आता आमच्याकडे फॉलिक्युलर गाठीची बाटली आली की कॅसेटवर नंबर घालण्याआधी मी विचारतो, कवच सगळं घेतलं का. नवे डॉक्टर असले तरी. पुढचं थायरोग्लोब्युलिन गड्ड्याच्या आधी आहे.